विषय न लिहिलेलं मीटिंगचं निमंत्रण: ‘नाही’ कळवायचं आणि कामाचं विचारायचं

शेतकरी उत्पादक कंपनी, संस्थेचं तालुका कार्यालय किंवा एखाद्या प्रकल्पाचं फील्ड ऑफिस इथे नव्याने रुजू झालेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात असं निमंत्रण येतं. जिल्ह्याच्या ऑफिसातून कॅलेंडरवर एक चौकोन येऊन बसतो. त्यात नाव ‘चर्चा’ किंवा ‘Discussion’ एवढंच, वेळ दिलेली आणि खाली वर्णनाची जागा कोरी. शेजारच्या केंद्रावरच्या माणसाला फोन केला तर तोही म्हणतो, “मलेही आलं भाऊ, विषय काही सांगतला नाही.”

नवी माणसं अशा वेळी बहुधा दोनपैकी एक करतात. एक तर निमूटपणे जातात आणि दिवस घालवून येतात, नाहीतर काही न कळवता जातच नाहीत. दोन्हींत बोलावणाऱ्याला जे हवं होतं ते त्याच्या हाती पडत नाही. नकार कळवायचा आणि त्याच निरोपात ‘माझ्याकडून काय लागेल’ हे विचारायचं, असा तिसरा मार्ग आहे. तो नीट जमावा म्हणून एकच प्रसंग धरून सगळ्या पायऱ्या पाहू.

प्रसंग असा. घाटंजी तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी हमीभावाने सोयाबीन खरेदी करते आहे. केंद्रावर वजन-पावती आणि नोंदी पाहणारा मुलगा नवा आहे. मंगळवारी संध्याकाळी त्याला निमंत्रण येतं: गुरुवार, सकाळी ११ ते १, यवतमाळ ऑफिस, नाव ‘चर्चा’. बोलावणाऱ्या आहेत प्रकल्प समन्वयक मॅडम. यवतमाळ चाळीसेक किलोमीटर आहे. दोन तासांची मीटिंग म्हणजे एसटीच्या जाण्यायेण्यासकट पूर्ण दिवस. आणि गुरुवारी ३० शेतकऱ्यांना माल आणण्याचा एसएमएस गेलेला आहे.

आधी दहा मिनिटं शोधा

‘विषय दिला नाही’ असं लिहिण्याआधी तो खरंच दिलेला नाही याची खात्री करून घ्या. मोबाईलवर निमंत्रण उघडलं की वर्णन पार खाली असतं आणि अर्धीच ओळ दिसते, तेव्हा पूर्ण खाली सरकवून पाहा. जोडलेली फाईल केंद्रावरच्या नेटवर्कला उघडत नसेल तर टॉवर मिळेल तिथे जाऊन उघडा. त्यानंतर मॅडमचे आधीच्या आठवड्यातले मेल आणि व्हॉट्सॲप ग्रुप चाळा. पुष्कळदा विषय ग्रुपवर दोन दिवस आधी येऊन गेलेला असतो आणि कॅलेंडरवर फक्त वेळ अडवलेली असते. दिलेला विषय न वाचता ‘विषय काय’ म्हणून विचारलं, तर पुढच्या वेळी तुमचा खरा प्रश्नही कुणी मनावर घेत नाही.

याच वेळी कोणाकोणाला बोलावलं आहे तेही वाचा. अजेंडा नसला तरी ही यादी बरंच सांगून जाते. सगळ्या केंद्रांची माणसं असतील तर आढावा किंवा सूचना असणार. केंद्राची माणसं आणि जिल्ह्याचे लेखापाल एवढेच असतील तर विषय बहुतेक आकड्यांचा किंवा पैशांचा आहे. आणि यादीत फक्त तुम्ही आणि मॅडम असाल तर नकाराचं बटण दाबूच नका, सरळ फोन करा. दोघांच्याच मीटिंगला विषय लिहिलेला नसतो तो बरेचदा मुद्दाम. कुणाची तक्रार असेल, कामाची बदली असेल किंवा चार लोकांसमोर न बोलायची एखादी गोष्ट.

आपल्या प्रसंगात यादीत नऊ जण आहेत: आठ केंद्रांची माणसं आणि जिल्ह्याचे लेखापाल. म्हणजे आकडे लागणार, असा अंदाज बांधता येतो. मात्र तो अंदाजच आहे, आणि तो पक्का करून घेणं हेच पुढच्या निरोपाचं काम आहे.

कोणत्या मीटिंगला हा मार्ग वापरायचा नाही

सगळ्याच निमंत्रणांना असं उत्तर चालत नाही. कायद्याने किंवा उपविधीने ठरलेल्या सभांचं गणित वेगळं असतं. उत्पादक कंपनीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस किमान १४ दिवस आधी द्यावी लागते आणि तिच्यासोबत विषयपत्रिका जोडावीच लागते. संचालक मंडळाच्या सभेची नोटीसही साधारणपणे ७ दिवस आधी लागते, आणि त्याहून कमी मुदतीत सभा बोलावली तर मंडळाला कारण लिहून ठेवावं लागतं. अशा सभेची विषयपत्रिका आली नसेल तर ती मागणं हे नियमाचं काम आहे. ते तुमच्या साहेबांमार्फत करा. तुम्ही टिपणं घेणारे किंवा हिशेब मांडणारे असाल तर हजर राहणं तुमच्या नोकरीचाच भाग आहे.

तसंच तहसीलदार, सहायक निबंधक किंवा कृषी विभाग यांच्याकडून आलेल्या बोलावण्याला केंद्रावरच्या माणसाने परस्पर नकार द्यायचा नसतो. ते पत्र तुमच्या नावाने आलं असलं तरी कंपनीला आलेलं समजा आणि सीईओंच्या पुढे ठेवा. लेखापरीक्षक आले असतील, अपघात झाला असेल किंवा मालाची चोरी झाली असेल, तर विषय लिहिलेला नसला तरी जायचं.

राहतात त्या रोजच्या कामकाजाच्या, आढाव्याच्या आणि ‘जरा बसून बोलू’ प्रकारच्या मीटिंगा. पुढचं सगळं त्यांच्यासाठी आहे.

आधी आपल्या साहेबांना सांगा

बोलावणाऱ्या मॅडम तुमच्या थेट वरिष्ठ नसतील तर नकार पाठवण्याआधी तुमच्या सीईओंना एक ओळ टाका: “सर, गुरुवारी यवतमाळला बोलावलंय, विषय दिलेला नाही. त्या दिवशी ३० शेतकरी येणार आहेत. मी मॅडमना तसं कळवून काय लागेल ते विचारतो, चालेल ना?” ही पायरी नवी माणसं हमखास गाळतात. मग मॅडम सीईओंना फोन करतात, “तुमचा मुलगा येत नाही म्हणतो,” आणि सीईओंना त्यातलं काही माहीतच नसतं. निरोप कितीही चांगला लिहिला असला तरी तिथे तो वाया जातो.

निरोप

आता मुख्य काम. त्या मुलाने पाठवायचा निरोप असा:

“नमस्कार मॅडम,
गुरुवारी ११ च्या मीटिंगला मी येऊ शकणार नाही. त्या दिवशी केंद्रावर ३० शेतकऱ्यांना माल आणायचा एसएमएस गेला आहे आणि वजन-पावतीला मी एकटाच आहे.
निमंत्रणात विषय दिसला नाही, म्हणून विचारतो: माझ्याकडून आपल्याला काय लागेल? खरेदीचे आणि शिल्लक बारदान्याचे आकडे हवे असतील तर बुधवारी संध्याकाळी ५ पर्यंत पाठवतो. चुकाऱ्यांबद्दल काही ठरवायचं असेल तर तो अधिकार आमच्या सीईओ सरांचा आहे, त्यांना मी कल्पना दिली आहे. मीच बोलायला हवं असा विषय असेल तर गुरुवारी सकाळी ९ ते ९.३० किंवा शुक्रवारी ११ नंतर फोनवर आहे.”

पहिल्याच वाक्यात नकार आहे, आणि तो स्पष्ट आहे. ‘बघतो’, ‘जमवतो’, ‘प्रयत्न करतो’ यातलं काही नाही. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं जड जातं, म्हणून माणसं ‘बघतो मॅडम’ लिहितात. मॅडम ते ‘येतो’ असं वाचतात, नऊ खुर्च्या मांडतात, आणि गुरुवारी साडेअकराला फोन सुरू होतात. त्यापेक्षा मंगळवारीच आलेला साफ नकार त्यांना कितीतरी सोयीचा असतो, कारण त्यांच्या हातात अजून एक दिवस उरतो.

कारण एकच दिलं आहे आणि ते तपासता येण्यासारखं आहे. ३० शेतकरी, एसएमएस गेलेला, पावतीला एकच माणूस. ज्याला तारीख मिळाली आहे तो शेतकरी ट्रॅक्टरचं भाडं भरून माल घेऊन येतो. पावती करायला माणूस नाही म्हणून त्याला रात्रभर गेटवर थांबवता येत नाही, हे मॅडमना वेगळं सांगावं लागत नाही. खोटं कारण मात्र देऊ नका. तालुक्याच्या ठिकाणी आजोळचं लग्न आणि मुलाचा ताप किती खरा आहे हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं.

पुढचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ‘अजेंडा पाठवा’ असं त्यात नाही, ‘माझ्याकडून काय लागेल’ असं आहे. अजेंडा मागितला तर बरेचदा ‘खरेदीचा आढावा’ असे दोन शब्द येतात. आता विषय मिळाला, नकाराचं कारण संपलं, आणि तुम्हाला जायला हवं की नको हे कळलं तर नाहीच. शिवाय कनिष्ठाने वरिष्ठाकडे ‘अजेंडा पाठवा मग येतो’ असं लिहिलं की ते अट घातल्यासारखं वाटतं. ‘काय लागेल’ या प्रश्नाला मात्र ‘आढावा’ हे उत्तर होऊच शकत नाही. आकडे, कागद, निर्णय किंवा तुम्ही स्वतः, यातलं काहीतरी त्यांना सांगावंच लागतं.

आणि प्रश्न मोकळा सोडलेला नाही. उत्तराचे तीन रस्ते तयार ठेवले आहेत: आकडे, निर्णय, बोलणं. मॅडमकडे अशी नऊ उत्तरं यायची असतात. त्यांना नुसतं ‘आकडे पाठव’ एवढं लिहून काम भागवता आलं तर त्या नक्की लिहितील. ‘काय विषय होता मॅडम?’ एवढाच प्रश्न गेला तर त्याला उत्तर मिळणं नशिबावर.

वेळा लिहिताना ज्या पाळता येतील त्याच लिहा. बुधवारी ५ पर्यंत आकडे देतो म्हटलं आणि ते गुरुवारी दुपारी गेले, तर तुमचा नकार म्हणजे टाळाटाळ होती असंच ठरतं. बुधवारी दिवसाची नोंद ६ ला बंद होत असेल तर ‘मंगळवारअखेरचे आकडे’ असं लिहून ५ ची वेळ द्या.

बटण कुठलं आणि कसं

गुगल कॅलेंडरमध्ये निमंत्रणाखाली Yes, No आणि Maybe असतात. निरोपात नकार असेल तर बटणही No च दाबा. Maybe दाबून निरोपात ‘येत नाही’ लिहिलं की बोलावणारा त्यातलं सोयीचं तेवढं वाचतो.

No सोबत Add note दिसतं, तिथे निरोप लिहिता येतो. पण ती जागा छोट्या ओळीसाठी आहे, आणि पाहुण्यांची यादी ज्यांना दिसते त्यांना ती ओळही दिसू शकते. म्हणून तिथे एवढंच लिहा: “केंद्रावर खरेदी आहे. काय लागेल ते मेलवर विचारलं आहे.” वरचा पूर्ण निरोप मॅडमना एकट्यांना मेलने पाठवा. सगळ्यांना उत्तर जाईल असं पाठवलं की एका केंद्राचा प्रश्न आठ केंद्रांचा होतो. मागोमाग चार जण ‘मलाही विषय कळला नाही’ म्हणतात, आणि मॅडमना ते सगळ्यांनी मिळून केलेल्या तक्रारीसारखं दिसतं.

Propose a new time हे बटण मोहात पाडतं, पण इथे ते वापरू नका. काय लागणार हे माहीत नसताना वेळ बदलून मागणं म्हणजे त्याच कोऱ्या मीटिंगला दुसऱ्या दिवशी होकार देणं.

दर सोमवारी होणाऱ्या मीटिंगसारख्या मालिकेतल्या एकाच दिवसाला नकार द्यायचा असेल तर कॅलेंडर उघडून त्या दिवसाच्या चौकोनावर जा, No दाबा आणि विचारल्यावर This event निवडा. मालिकेच्या मेलमधूनच No दाबलं तर तो पूर्ण मालिकेला लागू होतो आणि पुढचे सगळे सोमवार तुम्ही नाकारल्याचं बोलावणाऱ्याला दिसतं.

आउटलुकमध्ये Decline दाबल्यावर जुन्या आवृत्तीत तीन पर्याय येतात. त्यातला Edit the Response before Sending घ्या आणि निरोप तिथेच लिहा. Do Not Send a Response कधीच घेऊ नका. तो घेतला की मीटिंग तुमच्या कॅलेंडरवरून निघून जाते आणि बोलावणाऱ्याला काहीच कळत नाही. तुम्ही नकार दिला म्हणून निश्चिंत, ते तुमची वाट पाहत बसलेले.

निमंत्रण व्हॉट्सॲप ग्रुपवरच आलं असेल, ‘गुरुवारी ११ ला सर्वांनी उपस्थित राहावे’ असं, तरी निरोप तोच. फक्त तो मॅडमच्या वैयक्तिक नंबरवर टाका. ग्रुपवर नुसतं “मॅडम, आपल्याला वेगळं कळवलं आहे” लिहिलं तरी पुरे.

उत्तर आल्यावर

आपल्या प्रसंगात बुधवारी सकाळी मॅडमचं उत्तर येतं: “केंद्रनिहाय आकडे वर पाठवायचे आहेत. नोंदणी, खरेदी, बारदाना आणि चुकारे बाकी किती. नऊ जणांना एकत्र बसवून भरून घेणार होते.” म्हणजे मीटिंगचा खरा विषय चार रकान्यांचा एक तक्ता होता.

आता तो तक्ता असा गेला पाहिजे की त्यावर परत फोन यायला नको. वर तारीख आणि वेळ लिहा: ‘मंगळवारअखेर’. खरेदी क्विंटलमध्ये द्या, कट्ट्यांत नको. सोयाबीनचा कट्टा ५० किलोचा धरला तर ८४० कट्टे म्हणजे ४२० क्विंटल. एका केंद्राने कट्टे आणि दुसऱ्याने क्विंटल दिले तर बेरीज चुकते आणि मीटिंग पुन्हा लागते. बारदान्यात कोरा, वापरलेला आणि फाटका वेगळा दाखवा. बाकी चुकाऱ्यांत शेतकऱ्यांची संख्या आणि रक्कम दोन्ही द्या, आणि बँक खातं जुळत नाही म्हणून अडकलेले वेगळ्या ओळीत, कारण त्यांचा उपाय वेगळा असतो.

दुसरं उत्तर असं येऊ शकतं: “काही नाही, नुसतं ऐकायचं होतं.” मग नकार तसाच ठेवा आणि मीटिंगनंतर टिपणं पाठवायची विनंती करा.

तिसरं उत्तर: “तूच ये, महत्त्वाचं आहे.” इथे वाद घालू नका. एवढंच विचारा: “येतो मॅडम. सोबत काय घेऊन येऊ?” आणि मग पावतीला कोण बसेल ते सीईओंना विचारून ठरवा, बटण Yes करा आणि बदली माणसाला बुधवारीच रजिस्टर आणि ओलावा मोजायचं यंत्र दाखवून ठेवा. १२ टक्क्यांच्या वर ओलावा असलेला माल नवख्या माणसाने घेतला तर तो पुढे परत येतो, आणि त्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

उत्तर आलंच नाही तर

बुधवारी दुपारी ४ पर्यंत काही आलं नाही तर एक फोन करा, एकच. “मॅडम, उद्याच्या मीटिंगचं मेलवर कळवलं होतं, नजरेत आलं का? आकडे लागणार असतील तर आत्ता पाठवतो.” फोन उचलला नाही तर हेच व्हॉट्सॲपवर टाका आणि ज्या आकड्यांचा अंदाज होता ते कुणी मागितले नसले तरी पाठवून द्या. नकार कायम ठेवा, केंद्रावर राहा, आणि ११ ते १ फोन जवळ आणि आवाज चालू ठेवा. त्या वेळात मॅडमनी एखादा आकडा विचारला आणि तुम्ही दोन मिनिटांत दिला, तर न येणं कुणाला खटकत नाही.

मीटिंग झाल्यावर

गैरहजर माणसाच्या नावावर काम टाकणं सोपं असतं. म्हणून शुक्रवारी टिपणं मागून घ्या आणि त्यात आधी आपलं नाव आणि आपलं केंद्र शोधा. ‘घाटंजी केंद्राने शनिवारपर्यंत जुन्या पावत्या स्कॅन करून द्याव्यात’ अशी ओळ सापडली आणि ते शनिवारपर्यंत होणार नसेल, तर त्याच दिवशी लिहून कळवा: किती पावत्या आहेत, स्कॅनर कुठे आहे, कोणत्या तारखेपर्यंत होईल. सोमवारी ते कळवलं तर मुदत टळल्यावर दिलेली सबब ठरते. टिपणांत तुमच्या केंद्राचा आकडा चुकलेला असेल तर तोही तेव्हाच दुरुस्त करून घ्या, कारण तो तक्ता वर गेला की पुढच्या महिन्याचा हिशेब त्यावरूनच सुरू होतो.